‘बुजरा’ हा शब्द पोस्टरवर चालेल का?

बाईंचा वर्ग
देवगड तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत यंदा आंतरशालेय प्रश्नमंजुषा आहे. आठवी ते दहावी, दोघादोघांचे संघ. पहिली फेरी लेखी, २५ प्रश्न. त्यातले पहिले सहा संघ व्यासपीठावर. दरवर्षी नावं येतात ती त्याच मुलांची, जी वक्तृत्वालाही असतात आणि २६ जानेवारीच्या भाषणालाही. मला हवी आहेत ती वेगळी मुलं. वर्गात प्रश्न विचारला की हात वर करत नाहीत, पण जवळून गेलं की वहीच्या समासात बारीक अक्षरात बरोबर उत्तर लिहिलेलं दिसतं.

त्यांच्यासाठी मी मथळा केला: ‘बुजऱ्यांनो, बझर दाबा!’ सगळ्यांना आवडला. फक्त घाटावरचे एक सहकारी म्हणाले, “बाई, बुजरी गुरं असतात, मुलं नव्हे.” आमच्याकडे आजी-मावश्या “पोर बुजरं आहे गो” असं मायेनेच म्हणायच्या. हा शब्द कोणाला लागेल का? नाहीतर लाजरा, भिडस्त, संकोची यांतला कोणता घ्यावा? पोस्टर ए-थ्री आकाराचं आहे आणि गुरुवारी छपाईला द्यायचंय.

हर्णैकर
सहकारी अगदीच चूक नाहीत. बैल बुजतो, घोडा बुजतो. शेतातलं बुजगावणंही त्यातलंच, पाखरांना बुजवणारं. माझ्या मते खड्डा बुजणं हेही त्याच कुळातलं. भ्यालेला जीव आतल्या आत बंद होतो, तसा खड्डा बंद होतो.

जुनाबंदर
बुजगावण्यापर्यंत मान्य. खड्ड्याचं मात्र ओढून आणलेलं वाटतं. दोन क्रियापदं उच्चाराने सारखी आहेत, एवढ्यावर ती एका मुळाची ठरत नाहीत.

शुद्धलेखक
आधी मूळ शब्द शुद्ध लिहा. प्रश्नमंजूषा, जू दीर्घ. मंजूषा हा तत्सम शब्द आहे, अर्थ पेटी. शाळेच्या पोस्टरवरच ऱ्हस्व छापलं तर मुलांनी काय शिकायचं? आणि ‘आंतरशालेय’ कशाला? आंतर म्हणजे आतला. तुमची स्पर्धा शाळेच्या आत आहे की शाळाशाळांमध्ये? ‘अंतरशालेय’ हवं.

पालक गुहागर
आमची मुलगी नववीत आहे, अशीच अबोल. तिच्या तयारीसाठी चालू घडामोडींचं कोणतं पुस्तक घ्यावं? बझर ऐकून ती दचकते, तर घरी सराव कसा करून घ्यावा?

तिखला
गुहागरकरांनू, बाई पुस्तक इचारनत नाय हत, शबुद इचारतत. पण तुमच्या चेडवाचा बोलणा बाईंका उपयोगी आसा. ता बझर ऐकान दचकता मां? मग मथळ्यात बझर कित्याक?

जुनाबंदर
तिखल्याने नेमकं बोट ठेवलं. मी बरीच वर्षं शाळांच्या प्रश्नमंजूषांचे प्रश्न काढतो आणि सूत्रसंचालनही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाई, तुम्ही दिलेले शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत. लाजरा माणूस आपल्याकडे लक्ष गेलं की लाल होतो. बुजरा अनोळखी माणसाला आणि जागेला बिचकतो, ओळख झाली की खुलतो. भिडस्ताची गोष्ट निराळी, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. भिडस्त मुलाला तुम्ही “नाव दे रे” म्हणालात तर तो देईलच, त्याला पोस्टर लागत नाही. समासात उत्तर लिहिणाऱ्या मुलाला खरा शब्द आहे मुखदुर्बळ. येतं सगळं, तोंडातून निघत नाही. पण हा शब्द भिंतीवर लावण्यासारखा नाही.

माझं म्हणणं असं की यांतला कोणताच लावू नका. पोस्टर लागतं ते पाण्याच्या टाकीजवळ किंवा जिन्यापाशी, चारचौघांत. तिथे ‘बुजऱ्यांनो’ लिहिलेलं असेल तर बुजरं मूल त्याच्यासमोर थांबणारच नाही, कारण थांबलं की बाकीचे बघतात. समजा नाव दिलंच, तर “बुजऱ्यांच्या स्पर्धेत गेलास काय रे” हे वर्षभर ऐकावं लागतं. ‘लाजू नका’चंही तेच होतं. ज्या गोष्टीची भीती, तीच मोठ्या अक्षरात. आणि बझरही तसाच. तुमची पहिली फेरी कागदावर आहे, तिथे बझरच नाही. मग जे या मुलांना सोपं आहे ते झाकून, जे अवघड आहे ते मथळ्यात का?

बाईंचा वर्ग
हे पटतंय, सर. पण मग मथळ्यात राहिलं काय? ‘तुमच्या ज्ञानाची कसोटी’ मी आधीच खोडलंय.

जुनाबंदर
प्रश्न राहिला. मथळाच प्रश्न करा. मुलाने तो वाचायचा, मनातल्या मनात उत्तर द्यायचं, आणि खाली लिहिलेलं असावं, ‘उत्तर आलं? नाव दे.’ म्हणजे स्पर्धेतलं पहिलं काम त्याने तिथेच, कोणाला न कळता केलेलं असतं.

प्रश्न मात्र जपून निवडा. ‘कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा कोणता?’ हा उत्तर ठाऊक असलेल्यालाच आवडतो. करबुडे माहीत नसेल तर विचार करून काही मिळत नाही, मूल गप्प निघून जातं, आणि आपल्याला काही येत नाही ही समजूत पक्की होते. ‘सिंधुदुर्ग किल्ला कोणत्या बेटावर?’ हाही पाठांतराचाच. त्यापेक्षा हा बघा: ‘रत्नागिरीत ज्याचा राजवाडा आहे, तो राजा कुठल्या देशाचा?’ थिबा पॅलेस सहलीला पाहिलेला असतो किंवा नाव तरी कानावर असतं. काहींना ब्रह्मदेश लगेच आठवेल, काही म्हणतील परदेशातला राजा इथे कसा आला. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेऊन त्याला इकडे ठेवलं, हे ज्याला माहीत नाही तोही पोस्टरसमोर दोन क्षण अडकतो. मला असाच प्रश्न हवा, अर्धवट माहिती असणाऱ्यालाही धरून ठेवणारा.

शुद्धलेखक
‘आंतर’चं उत्तर कोणीच दिलं नाही.

हर्णैकर
मराठीत आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय आहेत, शेतकरी आंतरपीक घेतो. आपल्याकडे ते रुळलंय. संस्कृतात काहीही असो.
आणि प्रश्नमंजूषा एवढी जड वाटत असेल तर सरळ क्विझ लिहा. त्या शब्दाची गोष्ट पोस्टरवाल्यांच्या कामाची आहे. डब्लिनच्या एका नाटकगृहवाल्याने पैज लावून हा निरर्थक शब्द रात्रीत गावभर भिंतींवर लिहवून घेतला. सकाळी जो तो विचारतोय, हे काय? तिथून शब्द रूढ झाला.

जुनाबंदर
गोष्ट सुंदर आहे, पण टिकत नाही. ती १७९१ सालची म्हणून सांगतात, आणि ‘क्विझ’ त्याच्या आधीच छापील इंग्रजीत सापडतो, विचित्र माणूस या अर्थाने. प्रश्नांशी त्याचं नातं पुष्कळ नंतरचं. तरी भिंतीवरच्या कोड्यासमोर माणूस थांबतो, हे त्यातलं खरंच आहे.

शुद्धलेखक
रुळलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही. आणि क्विझ कशाला? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला प्रश्नमंजूषा कळत नाही, हे मी मानणार नाही. शब्द वापरला नाही तर तो परका होणारच.

बाईंचा वर्ग
कळतो, सर. मुलं आपसात मात्र “जीकेची स्पर्धा” म्हणतात. मला अडचण वेगळीच येतेय. छपाईवाला म्हणतो, दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान इंचभर हवं. ए-थ्री उभा धरला तर एका ओळीत जेमतेम दहा-अकरा अक्षरं बसतात. वर-खाली मात्रा, रफार, उकार यांना जागा सोडावी लागते, त्यामुळे ओळीही चार-पाचच. ‘भव्य आंतरशालेय प्रश्नमंजूषा स्पर्धा’ घातलं तर थिबाला जागाच उरत नाही.

जुनाबंदर
‘भव्य’ पहिल्यांदा काढा, त्यानेही मुलं बुजतात. स्पर्धेचं नाव खाली बारीक जाऊ दे, तारीख आणि इयत्तांच्या शेजारी. ते जवळ आलेल्याने वाचायचं असतं. मोठ्या अक्षरात फक्त प्रश्न, आणि त्याखाली मध्यम अक्षरात एकच ओळ: ‘दोघांनी मिळून, कागदावर.’ एकट्याने उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, हे दोन्ही त्यात येतं.

‘माईक नाही’ असं मात्र लिहू नका. सहा संघ व्यासपीठावर जाणार आहेत. मुखदुर्बळ जोडी चाळणी फेरीतून वर आली आणि पुढ्यात माईक आला, तर पुढच्या वर्षी ती येणार नाही, आणि इतरांनाही सांगेल. ओळ शेवटपर्यंत खरी ठेवायची असेल तर अंतिम फेरीतही पाट्या द्या. सगळे संघ एकाच वेळी उत्तर लिहितील आणि वर धरतील. एक-दोन फेऱ्या बझरच्या हव्या असतील तर शेवटी ठेवा.

तिखला
आमच्या हय पोरगा म्हणता, “माका येता, पण सांगूक लाज वाटता.” ह्यातलाच ‘येता’ घ्या. ‘येता मां? मग ये!’ उत्तर येता, तू पण ये. पाच-सात अक्षरात काम झाला.

बाईंचा वर्ग
वा! पण राजापूरकडच्याही शाळा आहेत. त्यांना ‘येता मां’ आपलं वाटेल का? ‘येतंय ना? मग ये!’ केलं तर?

शुद्धलेखक
अनोळखी शाळेतल्या विद्यार्थ्याला ‘ये’? तो पाहुणा आहे. ‘या’ म्हणा, नाव द्या म्हणा. खरं तर ‘नावनोंदणी करावी’ हेच योग्य.

पालक गुहागर
माझ्या मुलीला ‘नोंदणी’ वाचलं की तहसील कार्यालय आठवतं. दाखले काढायला तिला सोबत नेलं होतं. ‘नाव दे’ म्हटलं तर निदान ती मैत्रिणीला तरी विचारेल. पण ते द्यायचं कुणाकडे? वर्गात हात वर करून सांगायचं असेल तर आमची नाही देणार.

जुनाबंदर
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो मथळ्याइतकाच मोठा आहे. बाई, पोस्टरशेजारी झाकणाला फट असलेली पेटी ठेवा, खाली चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. दोन नावं, इयत्ता, शाळा, बस्स. स्पर्धा झाल्यावर मागच्या तीन वर्षांच्या याद्या काढून बघा, किती नावं पहिल्यांदाच आली. एकूण आकडा वाढला आणि नावं तीच राहिली, तर पोस्टर फसलं.

शुद्धलेखक
पेटी म्हणजेच मंजूषा. निदान तिच्यावर तरी जू दीर्घ लिहा. ‘तू’बद्दल मी माझं मत बदललेलं नाही.

हर्णैकर
तिखला, तुमच्याकडे कोड्याला हुमाण म्हणतात ना? की ते माशांच्या कालवणाचं नाव? मला वाटतं दोन्ही एकच. दोन्हींत आत काय आहे ते शोधावं लागतं.

तिखला
नाय ओ. कालवण ता हुमण, गोंयकडे म्हणतत. हुमाण म्हणजे कोडा, ताय तकडलाच. जुन्या मराठीत उमाणा आसा, ताच हा काय ता जुनाबंदर सांगतीत. आमच्या घरात आजी ‘कोडा घालतंय’ असाच म्हणा होती. देवगडात कोण हुमाण म्हणतत काय, बाईंनू?