मुलीला पाळी लांबवायची इंजेक्शनं द्यावीत का? लवकर सांगा प्लीज

वैदेही_क
डॉक्टर म्हणताहेत ल्युप्रोलाइड सुरू करा, तीन महिन्यांतून एकदा. सासूबाई म्हणतात असलं काही टोचलं तर पोरीला पुढे मूलबाळ होणार नाही, नवऱ्याला वाटतं उंची खुंटेल. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. ज्यांनी दिलंय त्यांनीच लिहा, उगाच सल्ले नकोत.

मंदार७८
अहो पण मुलीचं वय काय? पाळी आलीय की अजून यायचीय? हे न सांगता हो-नाही कोण सांगणार?

सुगरण_नंदा
पिशवीतलं दूध आणि चिकन आधी बंद कर. सगळं त्यातूनच होतंय हल्ली.

वैदेही_क
चिकन घरात येतच नाही हो. सात वर्षं चार महिने. सातव्या वाढदिवसाच्या आधीच छातीत गाठ लागली, आता दोन्हीकडे वाढलंय, पाळी नाही आली.

प्रकाशकाका
माझ्या भाच्याला दिली होती ही उंचीची इंजेक्शनं, रोज रात्री पोटावर. चांगला उंच झाला. बिनधास्त द्या.

अस्मिता_ठाणे
काका, ते ग्रोथ हॉर्मोन, हे वेगळं. मी लहान मुलांच्या हॉर्मोन ओपीडीत काम करते म्हणून विचारते. वैदेही, बोन एज किती आलं? उंची किती, तुमची दोघांची किती? आधीची उंची कुठे लिहून ठेवलीय का?

वैदेही_क
डाव्या हाताचा एक्सरे काढला, दहा वर्षांचं हाड म्हणाले. उंची १२८, वर्षापूर्वी शाळेच्या कार्डावर ११९. मी १५४, हे १६८. सोनोग्राफीत गर्भाशय वाढलेलं आहे आणि वयात आणणारं एलएच हॉर्मोनही वाढलेलं. पण ती वर्गात सगळ्यात उंच आहे, मग उंचीची काळजी कशाला?

अस्मिता_ठाणे
तिथेच सगळे फसतात. आज उंच दिसते कारण हाडं पुढे पळताहेत, पण तीच लवकर जुळून थांबतात. दहा वर्षांच्या हाडाला मुलीची साधारण ८६ टक्के उंची झालेली असते. त्या हिशेबाने १२८ वरून शेवटी १४९ च्या आसपास. तुमच्या दोघांच्या उंचीवरून मात्र १५४-१५५ अपेक्षित होती. हा अंदाज चार-पाच सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतो हेही लक्षात ठेव. नुसती छाती वाढून तिथेच थांबली असती तर डॉक्टर वाट बघा म्हणाले असते, पण इथे वर्षात नऊ सेंटीमीटर वाढ, हाड पुढे, एलएच वर, सगळं एकाच दिशेला आहे.

स्मिता_जी
मला पटत नाही. माझ्या मुलीला नवव्या वर्षी सुरू झालं, डॉक्टरच नको म्हणाले. आज कॉलेजला आहे, १५२ उंची, पाळी वेळेवर. उगाच घाबरवतात.

अस्मिता_ठाणे
ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबरच होतं. आठच्या पुढे सुरू झालं तर औषधाने उंचीत फारसा फरक पडत नाही. सर्वात जास्त फायदा सहाच्या आत सुरू झालेल्यांना. सहा ते आठ हा मधला पट्टा, कुणाला बराच होतो, कुणाला जेमतेम, म्हणून तर डॉक्टरही एकमेकांशी वाद घालतात.

वैदेही_क
आणि मूल होण्याचं? मुख्य प्रश्न तोच आहे!

अस्मिता_ठाणे
हे औषध अंडाशयाला काही करत नाही. मेंदूकडून थांबून थांबून जो इशारा येतो तोच हे सतत देत राहतं, मग मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी दाद द्यायची बंद होते. औषध थांबलं की ती परत जागी होते, पाळी बहुतेक वर्ष-दीड वर्षात येते. १९८० च्या दशकात ज्यांना दिलं त्या बायकांना आता मुलं आहेत, वंध्यत्व वाढल्याचं दिसलेलं नाही. पीसीओएसबद्दल मात्र उलटसुलट निष्कर्ष आहेत, तिथे मी छातीठोक काही म्हणणार नाही.

मंदार७८
मग उंची खुंटते म्हणतात ते खोटं का?

अस्मिता_ठाणे
अर्धं खरं. इंजेक्शन चालू असताना वेग मंदावतो, नऊचे पाच होतात. पण हाड त्याहून हळू पिकतं, म्हणून वाढायला जास्त वर्षं मिळतात. दर सहा महिन्यांनी छातीची वाढ थांबली का, उंची किती वाढली हे बघतात, हाडाचा एक्सरे साधारण वर्षाने. तारीख चुकवली की पुन्हा सगळं जागं होतं, तेवढं सांभाळा. आणि पहिल्या इंजेक्शननंतर दोनेक आठवड्यांत थोडा रक्तस्राव होऊ शकतो, घाबरू नका, सुरुवातीला औषध उलट चेतवतं आणि मग गप्प करतं. एकदाच होतो. पुढच्या डोसनंतरही झाला तर मात्र फोन करा.

स्मिता_जी
आणि मेंदूचा एमआरआय? तोही काढायला सांगतील बघा, खर्च वाढवायला.

अस्मिता_ठाणे
सहाच्या आत असेल तर काढायलाच हवा. सात वर्षांना डॉक्टरांची मतं वेगळी. डोकं दुखतं का, दिसायला काही त्रास आहे का?

वैदेही_क
डोकं दुखतं कधीकधी, शाळेतून आल्यावर. मला वाटलं उन्हाने. हे डॉक्टरांना सांगितलंच नाही, आता सोमवारी सांगते. पुढच्या आठवड्यात शाळेची सहल आहे दोन दिवसांची, रक्तस्रावाचं ऐकून वाटतंय पहिलं इंजेक्शन सहलीनंतरच घ्यावं, चालेल ना एवढा उशीर?

सुगरण_नंदा
आणि सोयाबीनच्या वड्यांचं काय? त्या चालतात का कुणी सांगेल का?