तक्त्याच्या चित्रातली पट्टी सरकवताना

> "सांगलीतल्या साइटचं वेळापत्रक माझ्याकडे फक्त पीएनजी चित्र म्हणून आहे, मूळ फाइल नाही. पावसामुळे स्लॅबची पट्टी १२ दिवस पुढे न्यायची आहे. पट्टी आणि तारखा नीट कशा सरकवू?"

नजरेच्या अंदाजाने ओढू नका, आधी एका दिवसाचे पिक्सेल काढा. पेंटमध्ये रेघेवर कर्सर नेला की खाली दोन आकडे दिसतात, त्यातला पहिला आडव्या अंतराचा. समजा १ जूनची रेघ २०० वर आणि १ जुलैची ५०० वर आहे. म्हणजे ३० दिवसांना ३०० पिक्सेल, दिवसाला १०, आणि तुमची पट्टी १२० पिक्सेल उजवीकडे. १ ऑगस्टची रेघही मोजा, ती ८१० वर हवी. ८०० वर असेल तर सगळे महिने सारख्याच रुंदीचे काढलेत, आणि जुलैचा दिवस थोडा अरुंद धरावा लागेल.

पट्टी कापली की मागच्या उभ्या रेघाही जातात आणि पांढरं भगदाड उरतं. तिथे दुसऱ्या रिकाम्या ओळीतला, त्याच उभ्या पट्ट्यातला तुकडा सरळ वर-खाली आणून चिकटवा, रेघा आपोआप जुळतात.

तारखा मात्र सरकवून भागत नाही, त्या पुसून नव्याने लिहा. १० ते २४ जूनचं २२ जून ते ६ जुलै होईल. (माझ्याकडून एकदा ३६ जून लिहिलं जाता जाता राहिलं होतं!)

रविवार सुट्टी धरली असेल तर नव्या जागी किती रविवार येतात ते मोजा, पट्टीची लांबीही बदलू शकते. आणि स्लॅबनंतरच्या विटकामाची पट्टी तिथेच राहिली, तर स्लॅबआधीच भिंत उभी दिसेल.