शब्दसमूहाबद्दल एक शब्द: याद्या पाठ करून घ्यायच्या का?

जुळे सोलापूर: पोरगी सहावीत आहे. शब्दसमूहाबद्दल एक शब्द म्हणून चार पानांची यादी आलीय आणि रोज रात्री घरात रट्टा चालू. मला वाटतं ह्या याद्या बंदच कराव्यात. तुमचं काय मत?

विजापूर वेस: बंद कशाला? आम्ही पण पाठ केल्या की. हमखास मार्क मिळतात, ते का सोडायचे, आणि पाठ केल्याशिवाय अजातशत्रू, आजानुबाहू हे शब्द पोरांच्या कानावर कुठून पडणार?

बाळे: मी मराठी शिकवते. यादी राहू द्या, पण रट्टा नको. कृतज्ञ आणि कृतघ्न यादीत एकाखाली एक असतात आणि पेपरात पोरं नेमके उलटे लिहितात. तिथं शेवटचं अक्षर धरायचं. ज्ञ म्हणजे जाणणारा, घ्न म्हणजे मारणारा. शत्रुघ्न पोरांना रामायणातून माहीत असतोच, शत्रूला मारणारा, मग केलेले उपकारच मारून टाकणारा तो कृतघ्न, एवढं सांगितलं की सहसा उलटं होत नाही. त्याच ज्ञ वरून सर्वज्ञ, तज्ज्ञ. तज्ज्ञमध्ये तत् आणि ज्ञ असे दोन तुकडे आहेत म्हणून तिथं अर्धा ज जास्तीचा येतो, पोरं तोच खातात. मितभाषीचा अर्थ तर ‘मित्रासारखं गोड बोलणारा’ असा ठोकून देतात! मित म्हणजे मोजकं. शेजारी मितव्ययी ठेवा, बेतानं खर्च करणारा, लगेच कळतं.

अक्कलकोट रोड: मॅडम, आमच्या घरी तेलुगू बोलतात. पोराला तुकडे करून सांगायचं तर आधी मला यायला पाहिजे ना. आमच्यासारख्यांना यादीच बरी.

विजापूर वेस: तेच म्हणतोय मी. आणि तुकडे सगळ्याच शब्दांचे पडतात का? चव्हाट्याचे पाडून दाखवा.

बाळे: नाही पडत, पोराला तरी नाही. चव्हाटा, पाणपोई असले शब्द वापरातूनच कळतात. उन्हाळ्यात रस्त्याकडेची पाणपोई दाखवली की झालं, त्याला रट्टा कशाला.

मंगळवेढेकर: आमचं वेगळंच झालंय. ‘केवळ पावसाच्या पाण्यावर पिकणारी जमीन’ ह्याला पोरानं कोरडवाहू लिहिलं, काट मारून वर जिरायत लिहून दिलंय! आमची ज्वारी त्याच रानात येते ओ, घरात रोज कोरडवाहूच म्हणतो आम्ही, पोरगं दुसरं काय लिहिणार.

बाळे: दोन्ही बरोबर आहेत, मार्क द्यायलाच पाहिजेत. वही घेऊन जा, बोला. पण प्रत्येक वेळी दोन चालत नाहीत. ‘कापड विणणारा’ला कोणी कोष्टी लिहिलं तर मी नाही देत, ते जातीचं नाव झालं, तिथं विणकरच पाहिजे.

अक्कलकोट रोड: हे पटलं नाही. आमच्या भागात माग चालवणारे बहुतेक पद्मशाली, पण पोरगं जे ऐकतं तेच लिहिणार ना. कोरडवाहूला मार्क आणि कोष्टीला काट, हे कसं?

जुळे सोलापूर: शत्रुघ्नचं आत्ताच पोरीला विचारलं, लगेच सांगितलं तिनं. तरी चार पानं जास्तच आहेत हो, मी आपला बंद करा ह्याच मताचा.