मदत हवी आहे: संपादित ग्रंथातल्या प्रकरणाचा प्रस्ताव

नमस्कार मंडळी. सीमाभागातल्या भाषाव्यवहारावर निघणाऱ्या एका संपादित ग्रंथासाठी ५०० शब्दांत प्रकरणाचा प्रस्ताव द्यायचा आहे. माझा विषय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले अर्जनवीस. पहिल्या खर्ड्यात ‘अर्जनवीसांचा आढावा घेईन’ असं लिहिलं होतं. पण हा नुसता विषय झाला, मुद्दा नव्हे. आता असं मांडलंय: १९५६ नंतर सरकारी कागद कन्नडमध्ये आले, तरी शेतकरी आपली तक्रार मराठीतच सांगत राहिला. तिला कन्नड अर्जाच्या साच्यात बसवताना अर्जनवीस काय ठेवायचं नि काय गाळायचं हे ठरवत होता, म्हणजे तो निव्वळ भाषांतरकार नव्हता. वाटणीच्या अर्जात भावांचं भांडण गळतं, सर्व्हे नंबर राहतो. यावर कुणी ‘नाही’ म्हणू शकेल, एवढा हा दावा नेमका आहे का?

ग्रंथाशी नातं दाखवताना संपादकांच्या निवेदनातली वाक्यंच परत लिहावीत, हे मला पटत नाही. इतर प्रकरणं शाळा-वृत्तपत्रांवर असतील, तर कचेरीची बाजू माझ्याकडून येईल, असं लिहिलं तर चालेल?

खरी अडचण तारखेची. संपादकांना डिसेंबरअखेर ६००० शब्द हवेत. मुलाखती बाकी आहेत आणि नोव्हेंबरात भाताची सुगी, तेव्हा माणसं भेटत नाहीत. प्रस्तावातच फेब्रुवारीअखेर मागावी, की डिसेंबरला कच्चा मसुदा कबूल करावा? संपादनाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावं.