बांगलादेश राज्य झाला तो नेमका कोणत्या दिवशी?

कृष्णाकाठ, सांगली
भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली तेव्हा बांगलादेश हे राज्य अस्तित्वात होते का, असा प्रश्न आमच्या सराव परीक्षेत होता. मी डिक्लेरेटरी सिद्धांताच्या आधारे ‘होते’ असे लिहिले, पण सरांना ते मान्य नाही. जाणकारांनी आपले मत द्यावे.

जुना वकील, सातारा
सरांची बाजू घ्यावी लागेल. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारानुसार लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता असली की राज्य अस्तित्वात येते, मग इतरांनी मान्यता देवो अथवा न देवो. हीच कसोटी ६ डिसेंबरला लावून पाहा. स्वातंत्र्याचे घोषणापत्र १० एप्रिलचे आणि ते २६ मार्चपासून लागू केलेले. परंतु ते काढणारे सरकार कलकत्त्यातून कारभार पाहत होते आणि ढाका पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात होते. म्हणजे तुम्ही ज्या सिद्धांताचा आधार घेतला तोच तुमच्या उत्तराविरुद्ध जातो, आणि त्या दृष्टीने भारताची मान्यता मुदतीआधीची ठरते. १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर चित्र बदलले हे खरे, तरी मार्च १९७२ पर्यंत तिथे भारतीय सैन्य होते, त्यामुळे तोवरचे सरकार कितपत स्वतंत्र मानावे यावरही वाद घालता येतो.

मिरजकर
एवढा काथ्याकूट कशाला? चीनने ऑगस्ट १९७२ मध्ये नकाराधिकार वापरून बांगलादेशला संयुक्त राष्ट्रांबाहेर ठेवले, पाकिस्तानने २२ फेब्रुवारी १९७४ रोजी मान्यता दिली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला सदस्यत्व मिळाले. जगाने स्वीकारले तेव्हाच राज्य झाले. कॉन्स्टिट्यूटिव्ह सिद्धांत सरळ आहे.

जुना वकील, सातारा
मिरजकर, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, पण सदस्यत्व आणि राज्यत्व यांची तुम्ही गल्लत करता आहात. ब्रिटनने ४ फेब्रुवारी १९७२ लाच मान्यता दिली होती. मान्यतेनेच राज्य जन्मत असेल, तर एकच भूमी लंडनसाठी राज्य आणि इस्लामाबादसाठी प्रांत होती असे म्हणावे लागेल.
तरीही मान्यतेवाचून काय अडते, हे २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराइतके स्पष्ट क्वचितच दिसते. प्रश्न युद्धकैदी, पाकिस्तानात अडकलेले बंगाली आणि बांगलादेशातील पाकिस्तानी नागरिक यांना परत पाठवण्याचा होता, म्हणजे तिन्ही देशांचा. तरी सह्या भारत आणि पाकिस्तान यांच्याच झाल्या. खटल्यांसाठी रोखलेल्या १९५ युद्धकैद्यांविषयीच्या चर्चेत आपण सार्वभौम समानतेच्या आधारावरच भाग घेऊ, असे बांगलादेशाने कळवले होते. पाकिस्तानची मान्यता मिळाली आणि ९ एप्रिल १९७४ च्या करारावर तिघांच्याही सह्या झाल्या. मधल्या काळात बांगलादेश अस्तित्वात नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पाकिस्तानशी एका मेजावर बसण्याची वाट तेवढी बंद होती.

गडकरी, सातारा
आमच्या साताऱ्याचेच पाहा. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारले तेव्हा त्यांनी घेतलेले दत्तक कंपनीने मानले नाही आणि राज्य खालसा केले. प्रजा, प्रदेश, सरकार सगळे होते; मान्यता तेवढी नव्हती. यातून कॉन्स्टिट्यूटिव्ह बाजूच सिद्ध होत नाही का?

जुना वकील, सातारा
साताऱ्याची हळहळ मलाही आहे, पण ते उदाहरण इथे बसत नाही. तिथे वाद वारसाच्या मान्यतेचा होता, शिवाय ते राज्य १८१९ च्या तहाने कंपनीनेच उभे केलेले आणि परराष्ट्र व्यवहारात तिच्या अधीन होते. चार कसोट्यांपैकी शेवटची तिथे मुळातच नव्हती.
मान्यता निर्णायक ठरते ती आपल्या कोर्टात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८७-अ प्रमाणे ‘परकीय राज्य’ म्हणजे केंद्र सरकारने मान्यता दिलेले राज्य, आणि मान्यता आहे की नाही याची दखल न्यायालयाने स्वतःहून घ्यायची असते. त्यामुळे आपल्या जिल्हा न्यायालयात असा दावा आला तर न्यायाधीश मॉन्टेव्हिडिओच्या कसोट्या तपासत बसणार नाहीत.

कृष्णाकाठ, सांगली
वकीलसाहेब, मग ऱ्होडेशियाचे काय? नोव्हेंबर १९६५ च्या घोषणेनंतर अल्पसंख्य गोऱ्यांच्या सरकारचा त्या प्रदेशावर वर्षानुवर्षे ताबा होता, तरी एकाही देशाने मान्यता दिली नाही आणि त्याला कोणी राज्य मानत नाही.

जुना वकील, सातारा
कारण घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव २१६ करून मान्यता देऊ नका असे सर्व देशांना सांगितले. बहुसंख्य जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क डावलून उभी केलेली सत्ता राज्य होत नाही, म्हणजे ही जास्तीची कसोटी समजावी, असे माझे मत आहे.

मिरजकर
कसोटी पाळली गेली की नाही हे शेवटी इतर राज्यांनीच ठरवायचे असेल, तर साहेब, तुम्ही माझ्याच बाजूला आलात.

जुना वकील, सातारा
नाही. ठरवणे वेगळे आणि निर्माण करणे वेगळे. मात्र ठरवणारे दुसरे कोणीच नसते तेव्हा ही रेषा पुसट होते, एवढे तुमचे मान्य करतो.