मदत हवी आहे: मल्टिमीटरच्या डिस्प्लेला नवी पोलरायझर फिल्म लावली आणि अंक पूर्ण गायब

रत्नागिरीकर_मास्तर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ICL7106 चिपचे, साडेतीन अंकी डिस्प्लेचे जुने मल्टिमीटर आहेत. कोकणातल्या दमट हवेने त्यांतल्या एकाची पुढची पोलरायझर फिल्म पार गेली. तपकिरी पडली, फुगे आले, मागचं झाकण काढलं की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. काचेवरून ती हलकेच सोलली, चिकटलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि नव्या फिल्मचा आयताकृती तुकडा दुकानातून मापानुसार कापून आणला.

चिकटवण्याआधी तो काचेवर धरून पाहिला, तर अंकच दिसेनात. सगळी काच एकसारखी करडी. बॅटरी नवी आहे, प्रोब जोडल्यावर बझर वाजतो, म्हणजे मीटर चालू आहे. मग फिल्म हातात धरून फिरवली. एका बाजूला तिरपी केली की फिकट पाटीवर काळे अंक उमटतात. दुसऱ्या बाजूला तेवढीच तिरपी केली की काळ्या पाटीवर उजळ अंक! आणि मधे, म्हणजे फिल्म काचेच्या कडेला समांतर असताना, काहीच नाही. शिवाय फिरवताना पिवळट-जांभळी झाकही येते.

मला दोन गोष्टी हव्यात. फिल्म नीट कशी बसवायची, आणि मधल्या स्थितीत अंक नाहीसे का होतात. फिल्म चुकीची असेल तर अंक पुसट दिसतील असं मी धरून चाललो होतो. पूर्ण गायब कसे होतात? विद्यार्थ्यांनाही हे दाखवायचं आहे, त्यामुळे कारण नीट कळायला हवं.

सोल्डरगन

सर, माझ्या माहितीप्रमाणे करंट गेला की लिक्विड क्रिस्टल अपारदर्शक होतं, म्हणून सेगमेंट काळा दिसतो. फिल्म फक्त चकाकी मारायला असते. अंक दिसत नाहीत म्हणजे काच आणि बोर्ड जोडणारा झेब्रा रबर हलला असणार. झाकण उघडून रबर आणि काचेची कड साफ करून पुन्हा दाबून बसवा. खात्री करायची असेल तर तीन व्होल्टचा सेल बॅकप्लेन, म्हणजे सगळ्या सेगमेंटचा सामाईक इलेक्ट्रोड, आणि सेगमेंट यांना थेट लावून बघा.

काचवाला

सोल्डरगन, तुम्ही म्हणता तसा डिस्प्ले खरंच होता. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने जगापुढे आणला तो. त्यात द्रवातून करंट जायचा, द्रव ढवळल्यासारखा होऊन दुधाळ दिसायचा आणि पोलरायझर लागतच नसे. पण मास्तरांच्या मीटरमधला प्रकार त्यानंतरचा. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शाट आणि हेलफ्रिश या संशोधकांनी पेटंटसाठी अर्ज केला, तो पिळाचा प्रकार. यात द्रव चालू असतानाही स्वच्छ असतो आणि बंद असतानाही. प्रकाश अडवण्याचं काम तो मुळीच करत नाही. फिल्म काढून नुसती काच पाहिलीत तर चालू सेगमेंट आणि बंद सेगमेंट यांत डोळ्याला फरक दिसत नाही, तो यामुळेच.

मास्तर, अंक गायब का होतात ते यातच आहे. दोन काचांमध्ये पाच ते दहा मायक्रॉनची फट असते. दोन्ही काचांवर आतून पॉलिमाइडचा पातळ थर असतो आणि तो कारखान्यात मखमलीसारख्या कापडाने एकाच दिशेत घासलेला असतो. काचेला चिकटलेले रेणू त्या घासण्याच्या दिशेत पडून राहतात. वरच्या आणि खालच्या काचेच्या दिशा एकमेकींना काटकोनात ठेवतात, त्यामुळे मधले रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे थोडे थोडे वळत ९० अंश पूर्ण करतात. पोलरायझर फक्त आपल्या अक्षाच्या दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडतो. पुढच्याचा अक्ष घासण्याच्या दिशेत ठेवला आणि तसा प्रकाश आत शिरला की तो या वळणाबरोबर वळतो आणि मागच्या काचेशी ९० अंश फिरून पोचतो. मागचा पोलरायझर पुढच्याला काटकोनात लावलेला असल्याने फिरलेला प्रकाश त्यातून सहज जातो, परावर्तकावर आपटतो आणि आल्या वाटेने परततो. म्हणून पाटी फिकट.

सेगमेंटवर व्होल्टेज आलं की मधले रेणू काचेला लंब उभे राहतात, पिळ मोडतो आणि प्रकाश न फिरता मागच्या पोलरायझरवर जाऊन अडतो. म्हणून अंक काळा.

आता तुमची करडी स्थिती. घासण्याच्या दिशा सहसा काचेच्या कडेला ४५ अंशांत असतात. तुमची फिल्म दुकानदाराने आडवी-उभी कापली असणार, तिचा अक्ष कडेला समांतर आहे. म्हणजे आत जाणारा प्रकाश दोन्ही दिशांच्या बरोबर मधोमध. बंद सेगमेंटमध्ये त्याचा निम्मा भाग मागच्या पोलरायझरमधून जातो, कारण फिरल्यानंतरही तो ४५ अंशांवरच असतो. चालू सेगमेंटमध्ये तो फिरतच नाही, तरी मागच्या अक्षाशी कोन ४५च, तिथेही निम्माच जातो. परत येताना दोन्हीकडे पुन्हा निम्मा. म्हणजे दोन्हीकडून एकचतुर्थांश. सेगमेंट बदलतोय, पण तुम्हाला कळण्याचा मार्गच उरत नाही. एका बाजूला ४५ अंश फिरवलंत की फरक पूर्ण दिसतो, दुसऱ्या बाजूला ४५ अंश फिरवलंत की तोच फरक उलटा.

थेट सेल लावण्याबद्दल: क्षणभर टेकवला तर सेगमेंट उमटेल, पण असं करायची सवय नको. एकाच दिशेचं व्होल्टेज राहिलं की द्रवातले आयन एका काचेकडे जमा होतात, इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया सुरू होते आणि सेगमेंट कायमचा बिघडतो. म्हणूनच ICL7106 बॅकप्लेनला ५० ते ६० हर्ट्झची पाच व्होल्टची चौकोनी लहर देतो. बंद सेगमेंटलाही तीच लहर त्याच तालात, म्हणजे फरक शून्य. चालू सेगमेंटला उलट्या तालात. रेणूंना दिशेशी देणंघेणं नसतं, ते व्होल्टेज पुरेसं आहे का एवढंच पाहतात.

सोल्डरगन

अच्छा, मग झेब्रा रबराचा इथे संबंध नाही. सेलने टेस्ट करणं मी बऱ्याच वेळा पाहिलंय, ते बंद करायला सांगतो दुकानात.

चंद्रपूरची_धूप

मी हाच प्रश्न विचारणार होतो. माझ्या बाईकचा डिजिटल स्पीडोमीटर मे महिन्यात उन्हात उभा राहिला की मधोमध काळा डाग पडतो, हळूहळू सगळा काळा होतो. फिल्म बदलून चालेल का? इथे कोणी बसवून देतं का?

काचवाला

तुमचा प्रश्न मास्तरांपेक्षा वेगळा आहे, पण मूळ तेच. फार तापलं की रेणूंची शिस्तच मोडते, लिक्विड क्रिस्टल साध्या द्रवासारखं होतं, मग पिळ कुठला? प्रकाश फिरत नाही आणि सगळी काच चालू सेगमेंटसारखी काळी. गाडी सावलीत घेऊन थोडा वेळ थांबा. आपोआप उजळलं तर फिल्मला हात लावू नका, फक्त उन्हात झाकण घाला. थंड होऊनही डाग राहिला, किंवा फुगे-सुरकुत्या दिसल्या, तर फिल्म गेली.

चंद्रपूरची_धूप

संध्याकाळी नीट होतो हो! पण कडेला एक तपकिरी रेघ कायम असते.

काचवाला

तेवढी रेघ फिल्मची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

रत्नागिरीकर_मास्तर

एकदम लख्ख कळलं. ४५ अंशांवर दोन्हीकडे एकचतुर्थांश, हे मी फळ्यावर मांडून दाखवीन. आता फिल्म कापायची कशी? अक्ष कुठे आहे हे शीटवर लिहिलेलं नाही. आणि ती पिवळट-जांभळी झाक कशाची?

काचवाला

झाक बहुधा संरक्षक कागदाची. फिल्मच्या गोंदाच्या बाजूला जो पारदर्शक लायनर असतो तो ताणलेल्या प्लास्टिकचा असतो आणि फिल्म व काच यांच्यामध्ये आला की रंग दाखवतो. एका टाकाऊ तुकड्यावरून लायनर सोलून पाहा, रंग जातील.

अक्ष शोधायला गुळगुळीत फरशीवरची खिडकीची चकाकी तिरक्या नजरेने फिल्ममधून बघा आणि फिल्म फिरवा. चकाकी सगळ्यात कमी होते तेव्हा फिल्मचा अक्ष उभा असतो. लायनरवर पेनने बाण काढून ठेवा. मग आयत त्या बाणाशी ४५ अंशांत आखा. गंमत पुढे आहे. ४५च्या दोन बाजू आहेत, आणि चुकीची निवडलीत तर काळ्या पाटीवर उजळ अंक मिळतील. आयत १८० अंश फिरवून काही बदलत नाही, अक्ष तोच राहतो. तुकडा पालथा केला तर मात्र अक्ष दुसऱ्या कर्णावर जातो, पण मग गोंद वर येतो. म्हणून कापण्याआधी टाकाऊ तुकडा गोंदाची बाजू काचेकडे करून धरा, अंक काळे दिसतील अशी दिशा पक्की करा, मगच कात्री लावा.

रत्नागिरीकर_मास्तर

झालं! अंक कोऱ्या मीटरसारखे काळेभोर आहेत. लायनर सोलल्यावर रंगही गेले. मनापासून आभार.

आता एक नवं दिसतंय. रेंज २० व्होल्टवर असताना दुसराच एक दशांश बिंदू, जो दिसायलाच नको, तो अर्धवट करडा दिसतो. नव्या फिल्मवरचा डाग असेल का?

काचवाला

मीटर हातात घ्या आणि तो बिंदू आधी समोरून, मग खालच्या बाजूने, मग वरच्या बाजूने बघा. डाग असेल तर सगळीकडून सारखाच. पण त्या बिंदूवर अर्धवट व्होल्टेज असेल तर मधले रेणू अर्धेच कललेले असतात, आणि सगळे एकाच बाजूला. कलत्या रेणूंच्या लांबीच्या दिशेने पाहिलंत तर ते उभे असल्यासारखे वागतात, बिंदू गडद. आडवं पाहिलंत तर जवळजवळ नाहीसा.

रत्नागिरीकर_मास्तर

खालून पाहिलं तर ठळक होतो, वरून जवळपास जातो. म्हणजे अर्धवट व्होल्टेज. पण कुठून? हा बिंदू चालूच नाही.

काचवाला

ICL7106 दशांश बिंदू स्वतः चालवत नाही. ते रेंज स्विचवरून, मधे CD4070 सारखं गेट लावून चालवतात. न जोडलेल्या बिंदूची तार हवेत लटकत असेल तर शेजारच्या तारांमधून तिला थोडी लहर मिळते आणि बिंदू पूर्ण बंद होत नाही. दुसऱ्या मीटरचा प्रोब त्या बिंदूकडे जाणाऱ्या पट्टीवर नुसता टेकवा. टेकवताच करडेपणाची छटा बदलली तर तार लटकती आहे.

रत्नागिरीकर_मास्तर

टेकवताच बिंदू गेला, काढताच परत आला. झेब्रा रबर आणि स्विचचे पत्रे साफ केले, तरी तसाच.

सोल्डरगन

मास्तर, अशाच एका मीटरमध्ये बोर्डावरचा जवळजवळ न दिसणारा ट्रॅक तुटलेला निघाला होता. तुमच्याकडे तोच आहे असं म्हणत नाही, पण स्विचपासून पट्टीपर्यंत बझरने तपासा, भिंग घेऊन.

रत्नागिरीकर_मास्तर

उद्या तपासतो. काचवाला, ट्रॅक सलग निघाला तर काचेवरची पारदर्शक पट्टी तुटली असं धरायचं का?

काचवाला

तसं धरू नका. काचेवरची पट्टी तुटली असती तर रबराजवळ प्रोब टेकवून बिंदू हलला नसता. तुम्ही नक्की कुठे टेकवला होता, काचेच्या कडेला की बोर्डावर? ते सांगा, मग पुढे बोलू.