मदत हवी: भाडेकरारातल्या डिपॉझिट आणि नोटिशीच्या कलमाचं मराठी तपासून द्या

नांदेडकर_संतोष
माझा मावसभाऊ टेम्पो चालवतो, हडपसरला वन बीएचके घेतोय. भाडं १४,००० आणि डिपॉझिट ६०,०००, करार ११ महिन्यांचा. एजंटने मसुदा इंग्रजीत पाठवलाय, भावाला मराठीच वाचता येतं. परवा बायोमेट्रिक अंगठा आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून मीच मराठी केलंय. एवढंच बरोबर आहे का सांगा:

"पहिले सहा महिने लॉक-इन राहील. त्यानंतर दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल. घर सोडल्यावर थकबाकी, नुकसान आणि रंगकामाचा एक महिन्याचा आकार वजा करून डिपॉझिट बिनव्याजी ४५ दिवसांत परत मिळेल."

सदाशिवपेठी
वकिलाला दाखवा. दोन-तीन हजारांत काम होतं.

नांदेडकर_संतोष
वर लिहिलंय साहेब, पैसे नाहीत.

सदाशिवपेठी
मग नंतर साठ हजार घालवा. आम्ही सांगायचं काम केलं.

बंगळूरकर_मराठी
साठ हजारांना काय घाबरता? आमच्याकडे मी दहा महिन्यांचं डिपॉझिट भरलंय. वर सोडताना मालकाने रंगाचे कापले ते वेगळेच.

अनघा_कु
नवीन कायद्याने दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही. एजंटला ठणकावून सांगा, २८,००० च देणार.

वसुधाताई_नोंदणी
अनघा, दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात आहे. राज्याने तो स्वीकारल्याशिवाय इथे चालत नाही. आपल्याकडे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. एजंट हसेल.

संतोष, मराठी छान आहे, पण लॉक-इनचं मूळ वाक्य जसंच्या तसं टाक. "लायसेन्सी" आहे, "लायसन्सर" आहे की "आयदर पार्टी"?

नांदेडकर_संतोष
"द लायसेन्सी शॅल नॉट व्हेकेट ड्युरिंग द लॉक-इन पीरियड ऑफ सिक्स मंथ्स." पुढच्या वाक्यात, "द अ‍ॅग्रीमेंट मे बी टर्मिनेटेड बाय गिव्हिंग वन कॅलेंडर मंथ्स नोटीस इन रायटिंग." आणि मालकाबद्दल वेगळी ओळ आहे, लायसन्सर कधीही एक महिन्याची नोटीस देऊ शकेल. ती मला तीच गोष्ट पुन्हा लिहिल्यासारखी वाटली म्हणून मी घेतली नाही.

वसुधाताई_नोंदणी
तीच तर मुख्य ओळ आहे. लायसेन्सी म्हणजे तुझा भाऊ. लॉक-इन फक्त त्याच्यावर आहे, मालक दुसऱ्या महिन्यातही नोटीस देऊ शकतो. तुझ्या मराठीत दोघं सारखेच बांधलेले दिसतात. असं लिही: "पहिल्या सहा महिन्यांत घेणाऱ्याने घर सोडायचं नाही. मालक मात्र कधीही एक महिन्याची नोटीस देऊन घर मागू शकेल." मग एजंटला सांग, लॉक-इन दोघांना लावा, नाहीतर काढून टाका.

घरमालक_एक
मालकाची बाजूही बघा. माझा एक भाडेकरू तिसऱ्याच महिन्यात कुलूप लावून गावी गेला. वीजबिल मी भरलं, भिंतीत खिळे किती ते विचारू नका. लॉक-इन हवंच.

अनघा_कु
खिळे मारायचे नाहीत तर कॅलेंडर कुठे लावायचं?

घरमालक_एक
फ्रीजवर.

वसुधाताई_नोंदणी
खिळ्यांवरून भांडण होतं म्हणून विचारते, "फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड" कुठे आहे का? म्हणजे रोजच्या वापराची झीज कापायची नाही. आणि सहा महिन्यांआधी सोडलं तर काय, ते आहे का?

नांदेडकर_संतोष
झीज कुठेच नाही. आधी सोडलं तर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापणार.

वसुधाताई_नोंदणी
मग भावाला आकड्यात सांग, कलम वाचून दाखवण्यापेक्षा लवकर पटेल. चार महिन्यांनी सोडलं तर दोन महिन्यांचे २८,००० गेले, रंगाचे १४,००० गेले. साठातले १८,००० उरले, त्यातून बिलं. कोर्टात अशा कपातीला 'वाजवी नुकसानभरपाई' एवढंच बंधन असतं, सगळी रक्कम आपोआप मालकाची होत नाही. पण अठरा हजारांसाठी कोर्टात कोण जातं?

दुसरं, कॅलेंडर मंथ. १८ फेब्रुवारीला नोटीस दिली तर साध्या तीस दिवसांनी २० मार्चला मोकळा होशील. कॅलेंडर मंथ म्हणजे मालक म्हणेल पूर्ण मार्च. अकरा दिवसांचं भाडं पाच हजारांच्या आसपास होतं. "नोटीस दिल्यापासून ३० दिवस" करून घे.

रिकामटेकडा७
हे सगळं सोडा. डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी द्यायची नाही. मी असंच केलं, मालक दुसऱ्या दिवशी धनादेश घेऊन आला.

वसुधाताई_नोंदणी
चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी, हे करारात लिहून घेतलं तर उत्तम. पण लिहिलेलं नसताना आणि मुदत संपल्यावर बसून राहिलात तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं. तुमचं जमलं, मालक घाबरट होता.

रिकामटेकडा७
घाबरट नव्हता, समंजस होता.

दुकानदार_धनकवडी
माझ्या दुकानाच्या गाळ्याचा करारही असाच आहे. पाच वर्षांचा. शटरचा खर्च कोणाचा?

सदाशिवपेठी
तुम्ही वेगळा धागा काढा. आणि संतोष, नोंदणी कशाला? स्टँपपेपरवर नोटरी करून घ्या, सगळे तसंच करतात.

वसुधाताई_नोंदणी
सगळे करतात आणि मग अडकतात. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. इथे खर्च तरी किती? अकरा महिन्यांचं भाडं १,५४,०००, त्यात डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज मिळवून पाव टक्का मुद्रांक, म्हणजे चारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट यापेक्षा किती जास्त मागतो ते विचार.

आणि करार मराठीतही नोंदवता येतो. अंगठा ज्यावर लागेल तोच चालेल, तुझं भाषांतर घरी वाचायला.

नांदेडकर_संतोष
एजंट म्हणतो मराठी टाइप करायचे वेगळे पैसे, तीन दिवस लागतील. आणि लॉक-इन मालक काढणार नाही.

अनघा_कु
दुसरं घर बघा!

घरमालक_एक
दुसरीकडेही हेच मिळेल.

नांदेडकर_संतोष
अपडेट. भावाने इंग्रजी करारावरच अंगठा दिला. लॉक-इन एकतर्फीच राहिलं, मालकाने कधीही नोटीस द्यायची ओळही तशीच. भावाचं म्हणणं, मुलीची शाळा इथेच आहे, वर्षभर हलणार नाही, उगाच दुसऱ्या घराची दलाली कोण भरणार. मी खूप सांगितलं. फक्त नोटीस "३० दिवस" करून घेतली, आणि "झीज वगळून" हे शब्द टाकले. रंगाचे १४,००० मात्र कापणारच.

रिकामटेकडा७
चावीचं विचारलं का?

नांदेडकर_संतोष
विचारलं. एजंट म्हणाला, ४५ दिवस मालकाला लागतातच, मागच्या भाडेकरूचेही अजून द्यायचेत.

वसुधाताई_नोंदणी
मागच्या भाडेकरूचा नंबर एजंटकडून मागून घे.

दुकानदार_धनकवडी
शटरचं कोणी सांगेल का?